परदेशी शिक्षणाचे कर्ज: आधी घराचे कागद, मग डॉलरचा हिशेब, मग बँकेचे पत्र

अमेरिकेतल्या विद्यापीठांची प्रवेशपत्रे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात. मधल्या चार-पाच महिन्यांत कर्ज, व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे आय-20 हे पत्र, व्हिसा आणि तिकीट एवढे सगळे बसवायचे असते. या काळात कर्ज अडते ते बहुतेक वेळा मुलीच्या गुणांमुळे किंवा वडिलांच्या पगारामुळे नाही, तर घराच्या कागदांमुळे. आणि कर्ज मंजूर झाल्यावर दुसऱ्या वर्षी पैसे कमी पडतात ते रुपया घसरल्यामुळे. या दोन्ही गोष्टी आधी ओळखता येतात. म्हणून त्यांच्याभोवतीच हा लेख लिहितो आहे.

सोयीसाठी एकच प्रकरण धरू: महाराष्ट्रातले नोकरदार कुटुंब, मुलीला अमेरिकेत दोन वर्षांच्या एमएसला प्रवेश, आणि सरकारी बँकेकडून घर तारण ठेवून रुपयातले कर्ज. जर्मनी, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियासाठी आकडे आणि व्हिसाचे नियम वेगळे असतील, पण बँकेच्या आतला रस्ता बराचसा असाच आहे.

तारण लागेल का, हे आधी विचारा

सरकारी बँका ज्या नमुना योजनेवर चालतात, त्यात 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांच्या पुढे ठोस तारण लागते. अमेरिकेचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. तरीही काही बँकांकडे निवडक परदेशी विद्यापीठांची यादी असते आणि त्या यादीतल्या प्रवेशाला तारणाशिवायही मोठी रक्कम मिळते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी शाखेत पहिला प्रश्न हा विचारायचा: आमचे विद्यापीठ आणि हा अभ्यासक्रम तुमच्या यादीत आहे का? विद्यापीठ यादीत असले तरी अभ्यासक्रम बसेलच असे नाही, म्हणून दोन्ही विचारा.

खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय आणि लवकर कर्ज देतात, पण व्याज जास्त असते. व्हिसाची तारीख डोक्यावर आली आणि घराचे कागद तयार नाहीत, अशा घाईतच बहुतेक घरे तिकडे वळतात. साठ लाखांच्या कर्जावर दोन टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार. एवढे पैसे केवळ उशिरापोटी देऊ नयेत.

पायरी पहिली: घराचे कागद, प्रवेशपत्र येण्याआधीच

ही पायरी डिसेंबर-जानेवारीतच उरकावी. विद्यापीठाचे उत्तर काहीही येवो, घराचे कागद नीट लागलेले असणे वाया जात नाही.

बँकेला सगळ्यात आवडणारे तारण म्हणजे मुदत ठेव. त्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र असलेला फ्लॅट, बिगरशेती जमिनीवरचे मंजूर नकाशाचे घर, बिगरशेती प्लॉट. आयुर्विमा पॉलिसी चालते, पण तिचे आजचे सरेंडर मूल्यच धरले जाते. विम्याची रक्कम 20 लाखांची असली तरी सरेंडर मूल्य 4 लाख असेल, तर तारण 4 लाखांचेच.

शेतजमिनीबद्दल मोठा गैरसमज आहे. सातबाऱ्यावर पाच एकर बागायत आहे, बाजारभाव कोटीच्या घरात आहे, मग बँक का नाही म्हणते? कारण कर्ज थकल्यास बँक ज्या सरफेसी कायद्याने तारण ताब्यात घेते, त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला ती जमीन सहज विकता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. शेतकरी कुटुंबाने अशा वेळी गावातल्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या बिगरशेती मिळकतीकडे पाहावे, किंवा मामा-काकांपैकी कोणी आपला फ्लॅट तारण द्यायला तयार आहे का ते विचारावे. तिऱ्हाईताची मिळकत चालते, मात्र तो माणूस जामीनदार म्हणून सही करतो आणि त्याच्यावर जबाबदारी येते. हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

गावठाणातले घर हा मधला प्रकार. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. एवढ्यावर बँकेचा वकील सहसा होकार देत नाही. भूमी अभिलेख विभागाचे मालमत्ता पत्रक असेल, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते, तर बोलणी पुढे सरकतात.

आता फ्लॅटचे कागद. खरेदीचा मूळ नोंदणीकृत करारनामा आणि त्याची सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू. फ्लॅट तुम्ही दुसऱ्याकडून घेतला असेल तर त्या आधीचे सगळे करारनामे, थेट बिल्डरपर्यंतची साखळी. सोसायटीचे भागपत्र, सोसायटीचे ना हरकत पत्र, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची चालू पावती आणि वीजबिल. बँकेच्या यादीवरचा वकील यावरून साधारण 30 वर्षांचा शोध घेतो आणि मिळकतीवर कोणाचा बोजा किंवा वाद नाही असा अहवाल देतो.

अडचणी येतात त्या ठरावीक ठिकाणी. साखळीतला एक जुना मूळ करार सापडत नाही. अशा वेळी पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत आणि हमीपत्र असा रस्ता असतो, आणि जाहीर सूचनेवरच्या हरकतींची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. दुसरी अडचण वारसांची. घर आजोबांच्या नावावर, आजोबा दहा वर्षांपूर्वी गेले, आणि वारस नोंद झालेलीच नाही. किंवा नोंद झाली, पण त्यात आत्यांचीही नावे आहेत. मग आत्यांनी एक तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचे, नाहीतर जामीनदार म्हणून बँकेत येऊन सही करायची. एक आत्या दुबईत असेल तर मुखत्यारपत्र आले, त्याचे साक्षांकन आले. तिसरी अडचण सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा असण्याची. सरकारने अटींवर दिलेल्या अशा जमिनीवर गहाण ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. यातले कुठलेही काम पंधरा दिवसांत होत नाही.

घरावर गृहकर्ज चालू असेल तर सगळ्यात सोपी बँक तीच, जिच्याकडे गृहकर्ज आहे. कागद आधीच तिच्या तिजोरीत असतात आणि तिने तेच तारण शैक्षणिक कर्जालाही वाढवून घेतले की काम होते. दुसऱ्या बँकेत गेलात तर पहिल्या बँकेची संमती आणि दुय्यम बोजा हा प्रकार येतो, आणि त्याला फारशा शाखा उत्सुक नसतात.

सोसायटी पुनर्विकासाच्या वाटेवर असेल तर तेही आत्ताच सांगून टाका. कर्ज चालू असताना विकासकाशी करार करायचा झाल्यास बँकेचे ना हरकत पत्र लागेल, आणि ते आयत्या वेळी मागणे सगळ्या इमारतीला खोळंबवते.

वकिलानंतर मूल्यांकनकार येतो. त्याच्या अहवालात तीन आकडे असतात: बाजारभाव, विक्रीतून प्रत्यक्ष हाती येईल असा भाव, आणि घाईने विकावे लागल्यास येणारा भाव. शेजारचा फ्लॅट 75 लाखांना गेला म्हणून तुमचे तारण 75 लाखांचे होत नाही. बँक अनेकदा मधला आकडा धरते. आपल्या प्रकरणात तो 65 लाख आला असे समजू. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे डॉलर वाढल्यावर तोच कामाला येणार आहे.

पायरी दुसरी: रक्कम ठरवताना डॉलरची घसघशीत जागा ठेवा

रुपया गेल्या दीड दशकात कुठून कुठे आला ते आधी पाहा. 2011 च्या मध्यात डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता. ऑगस्ट 2013 मध्ये तो 68 पर्यंत गेला, ऑक्टोबर 2022 मध्ये 83 च्या वर, आणि डिसेंबर 2025 मध्ये त्याने 90 ओलांडले. ही चढण एकसारखी नाही. दोन-दोन वर्षे काही होत नाही आणि मग चार महिन्यांत आठ-दहा टक्के जातात. युरोचेही तसेच: 2025 च्या सुरुवातीला 90 च्या आसपास असलेला युरो त्याच वर्षी शंभरीपार गेला. जर्मनीला जाणाऱ्यांना हा फटका ताजा आठवत असेल.

कर्ज रुपयात मंजूर होते, फी डॉलरमध्ये भरायची असते. मंजुरीपत्रावर 59 लाख 50 हजार लिहिले की बँक तेवढेच देणार. डॉलर वाढला म्हणून मर्यादा आपोआप वाढत नाही. वाढीव पैसे घरातून भरायचे किंवा कर्जवाढीचा नवा अर्ज करायचा, एवढे दोनच मार्ग उरतात.

हिशेब मांडून पाहू. एका सत्राची फी 11,000 डॉलर आणि राहण्या-खाण्याचा खर्च 7,500, म्हणजे सत्राला 18,500 डॉलर. चार सत्रांचे 74,000. अर्जाच्या दिवशी डॉलर 90 रुपये धरला तर 66 लाख 60 हजार. तिकीट, लॅपटॉप, व्हिसा वगैरेंचे 3 लाख 40 हजार मिळवले की एकूण 70 लाख. परदेशी शिक्षणासाठी कुटुंबाचा वाटा 15 टक्के, म्हणजे साडेदहा लाख. उरलेले साडेएकोणसाठ लाख बँकेचे. विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ती या 15 टक्क्यांत धरता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. शिष्यवृत्तीचे पत्र अर्जाला जोडा.

आता रुपया हळूहळू घसरला आणि चार सत्रांना 90, 92, 94, 96 असा दर लागला असे धरा. खर्च 66 लाख 60 हजारांऐवजी 68 लाख 82 हजार होतो. तूट दोन लाख बावीस हजारांची. पगारदार घर हे कसेबसे ओढून नेते. पण पहिली फी भरल्यावर डॉलर एकदम 97 झाला आणि तिथेच राहिला, तर पुढच्या तीन सत्रांना प्रत्येकी 17 लाख 94 हजार 500 लागतात आणि एकूण तूट 3 लाख 88 हजारांवर जाते. घसरण जितकी लवकर, तितका फटका मोठा, कारण अजून भरायचे डॉलर जास्त शिल्लक असतात. शेवटच्या सत्राआधी घसरलेला रुपया तुलनेने कमी त्रास देतो.

यावर माझा ठाम सल्ला असा: खर्चाचा अंदाज बँकेला देताना आजच्या दरावर किमान पाच टक्के वाढवून मांडा आणि तसे अर्जात लिहा. आपल्या उदाहरणात 90 ऐवजी 94 रुपये 50 पैसे. विद्यापीठाच्या आय-20 वरचा डॉलरचा आकडा आणि हा दर असा तक्ता जोडला की शाखा व्यवस्थापकाला तो वर पाठवायला आधार मिळतो. मर्यादा मोठी घेतली म्हणून व्याज जास्त लागत नाही, व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते. मात्र याची किंमत अगदीच शून्य नाही. मुद्रांक शुल्क मंजूर रकमेवर लागते, आणि तारणही तेवढे पुरायला हवे. 94.50 च्या दराने एकूण खर्च 73 लाख 33 हजार होतो, त्याचे 85 टक्के म्हणजे 62 लाख 33 हजार. तारण 65 लाखांचे आहे, त्यामुळे बसते. मूल्यांकन 60 लाखांचे आले असते तर बसले नसते, आणि मग थोडी मुदत ठेव किंवा पॉलिसी जोडून तारण वाढवावे लागले असते. हे मार्चमध्ये करणे सोपे, मुलगी तिकडे गेल्यावर आणि फीची शेवटची तारीख आठवड्यावर आल्यावर फार कठीण.

कुटुंबाचा वाटा डॉलरमध्ये आधीच घेऊन ठेवावा का, असे लोक विचारतात. राहण्याच्या पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चापुरते हो. त्याहून जास्त अडकवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण अचानक लागणारा खर्च रुपयातही येतो.

शिक्षण संपल्यावर दराचा खेळ उलटतो

शिकत असताना घसरणारा रुपया तुमचा शत्रू असतो. तिकडे नोकरी लागली की तोच मदत करतो, कारण पगार डॉलरमध्ये आणि हप्ता रुपयात. आपल्या उदाहरणात हप्ता किती येईल ते बघा. चार सत्रांना सारखी रक्कम उचलली, व्याज दहा टक्के, आणि शिक्षणाची दोन वर्षे अधिक एक वर्ष अशी तीन वर्षे हप्ता न भरण्याची सवलत धरली, तर या काळात सरळव्याजाचे साधारण 13 लाख 39 हजार साठतात. साडेएकोणसाठ लाखांचे जवळपास 72 लाख 89 हजार होऊन परतफेड सुरू होते. दहा वर्षांच्या मुदतीत महिना सुमारे 96,300 रुपये, पंधरा वर्षांच्या मुदतीत सुमारे 78,300. डॉलर 90 असताना दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता 1,070 डॉलर पडतो, डॉलर 100 झाला की 963.

पण तिकडे नोकरी मिळाली नाही, व्हिसाची मुदत संपली आणि मुलगी पुण्यात परत आली, हा विचारही आजच करायचा. हातात महिना 70,000 रुपये येणारी नोकरी असेल तर 78,000 चा हप्ता ती एकटी भरू शकत नाही, आणि तारण आईवडिलांचे राहते घर आहे. म्हणून पंधरा वर्षांची मुदत मागून घ्या आणि तिकडे कमाई सुरू झाल्यावर जादा भरत जा. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही.

सवलतीच्या काळात दरमहा व्याज भरत गेलात तर साठणारे ते तेरा लाख कमी होतात, आणि काही सरकारी बँका याबद्दल व्याजात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. पहिल्या सत्राची रक्कम उचलल्यावर हे व्याज महिना साधारण 12,400 असते, चारही सत्रांची उचलल्यावर 49,600 होते. पहिले वर्ष झेपते म्हणून लेखी कबूल करू नका, शेवटच्या वर्षाचा आकडा झेपेल का ते पाहा.

तारण न घेता थेट डॉलरमध्ये कर्ज देणाऱ्या परदेशी संस्थाही आहेत. घर वाचते, हा त्यांचा खरा फायदा. पण तिथे दराची जोखीम पूर्ण उलटी बसते. 1,100 डॉलरचा हप्ता आज 99,000 रुपयांचा असेल, तर डॉलर 105 झाल्यावर भारतात परतलेल्या माणसाला तो 1,15,500 रुपयांना पडतो. तिकडेच राहून कमावण्याची शक्यता भक्कम असेल तरच तो मार्ग विचारात घ्यावा.

पायरी तिसरी: बँकेचे ‘हो’ नक्की कुठे पक्के होते

इथे घरोघरी गोंधळ होतो. बँकेच्या होकाराचे चार टप्पे असतात आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा.

पहिला टप्पा तत्त्वतः मंजुरीचा. गुणपत्रिका, उत्पन्न आणि सिबिल बघून बँक म्हणते की एवढे कर्ज मिळू शकेल. यावर विद्यापीठ सहसा आय-20 देत नाही. दुसरा टप्पा मंजुरीपत्र. ते येण्याआधी वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन झालेले असते. विद्यापीठाला आणि व्हिसाला हेच पत्र दाखवायचे. तिसरा टप्पा कागदपत्रांवर सह्या आणि गहाण. चौथा प्रत्यक्ष रक्कम देणे.

कोंडी अशी असते की विद्यापीठ म्हणते पैसे दाखवा, मग आय-20 देतो, आणि बँक म्हणते आय-20 आणा, मग पैसे देतो. ती सुटते ती मंजुरीपत्रानेच, कारण मंजुरी प्रवेशपत्रावर मिळते आणि रक्कम आय-20 व व्हिसानंतर सुटते. प्रवेशपत्रावर मंजुरी देता ना, हे शाखेला आधीच विचारून ठेवा.

प्रवेश सशर्त असेल तर अट कोणती ते बघा. शेवटच्या सत्राचा निकाल बाकी आहे अशी अट बहुतेकांच्या पत्रात असते. बँक मंजुरी देते, पण निकाल आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आल्याशिवाय पहिला हप्ता सोडत नाही. इथल्या विद्यापीठाचे निकाल जुलैपर्यंत लांबतात, तेव्हा परीक्षा विभागाकडून अंतर्गत निकालाचे पत्र मिळते का याची चौकशी मे महिन्यातच करावी.

मंजुरीपत्र हातात आल्यावर खालच्या गोष्टी वाचल्याशिवाय घरी जाऊ नका. मुलीचे नाव पासपोर्टप्रमाणे आहे का? आपल्याकडे गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव असते, पासपोर्टवर वेगळा क्रम असतो, आणि बँक गुणपत्रिकेवरून नाव उतरवते. विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाचे नाव पूर्ण आहे का? रुपयांच्या शेजारी डॉलरमधली रक्कम दिली आहे का, आणि ती आय-20 साठी विद्यापीठाने मागितलेल्या पहिल्या वर्षाच्या खर्चाहून कमी तर नाही? मंजुरी किती महिने चालेल? व्याज कोणत्या दराशी जोडलेले आहे आणि त्यावर बँकेची भर किती? विमा पॉलिसी सक्तीची आहे की सुचवलेली? कर्जदार गेल्यास आईवडिलांवर एवढे कर्ज पडू नये म्हणून मुदत विमा घेणे योग्यच आहे, पण तो कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवा.

सहकर्जदाराचे कागद सरळ आहेत: पॅन, आधार, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, फॉर्म 16, पगारपत्रके, बँक खात्याचा उतारा. अडते ते सिबिलवर. वडिलांनी कधीतरी मित्राच्या वाहनकर्जाला जामीन दिलेला असतो, तो मित्र हप्ते चुकवतो, आणि त्याची नोंद वडिलांच्या अहवालात येते. अर्जाच्या तीन महिने आधी सगळ्या सहकर्जदारांचे अहवाल काढून पाहा. दुरुस्तीला वेळ लागतो.

गहाण कधी करायचे

गहाण करताना मूळ कागद बँकेत जमा होतात. महाराष्ट्रात या गहाणावर मुद्रांक शुल्क लागते आणि त्याची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. बँक सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीतही बोजा चढवते. हा खर्च परत मिळत नाही. म्हणून शोध अहवाल आणि मूल्यांकन आधी, पण गहाण शक्यतो व्हिसा लागल्यावर. व्हिसा नाकारला गेला तर गेले ते वकील आणि मूल्यांकनकाराचे शुल्क, मुद्रांकाचे पैसे तरी वाचले. बँक आधीच गहाण मागत असेल तर कारण विचारा, कधी कधी ती फक्त त्या शाखेची सवय असते. मात्र व्हिसा जुलैअखेर येणार असेल तर सह-मालकांच्या सह्या, मुखत्यारपत्र आणि सोसायटीचे पत्र आधीच तयार ठेवा, म्हणजे गहाण दोन-तीन दिवसांत उरकते.

पायरी चौथी: फी पाठवताना

बँक ज्या दराने डॉलर विकते तो मोबाइलवर दिसणाऱ्या दराहून जास्त असतो. फरक शाखेशी बोलून कमी करता येतो, विशेषतः रक्कम दहा लाखांच्या पुढे असेल तेव्हा. 11,000 डॉलरवर डॉलरमागे पन्नास पैसे जरी वाचले तरी साडेपाच हजार होतात. सकाळी बाजार उघडल्यावर लेखी दर मागा आणि त्याच दिवशी व्यवहार पूर्ण करा. चलन बदलण्यावर थोडा जीएसटीही लागतो, तो दहा लाखांच्या आसपासच्या व्यवहाराला पाच-साडेपाच हजारांच्या कराधीन मूल्यावर 18 टक्के, म्हणजे हजारभर रुपये.

पैसे पाठवण्याच्या अर्जात परदेशी बँकेचे शुल्क कोण सोसणार असा रकाना असतो. तिथे पाठवणाऱ्याने सोसायचे असे निवडा. नाहीतर मधल्या बँका आपापले वीस-तीस डॉलर कापून घेतात, विद्यापीठाकडे फी तेवढी कमी पोहोचते, आणि पोर्टलवर बाकी दिसल्यामुळे पुढच्या सत्राची नोंदणी अडते. संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक अचूक लिहा.

परदेशी रक्कम पाठवताना कापला जाणारा टीसीएस हा कर बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांना 1 एप्रिल 2025 पासून लागत नाही. तुमच्या 15 टक्क्यांच्या वाट्याला मात्र, वर्षाला 10 लाखांच्या पुढे गेल्यास, तो लागतो. आपल्या प्रकरणात हा वाटा दोन वर्षांत विभागला जातो, त्यामुळे मर्यादेच्या आतच राहतो. साडेदहा लाख एकाच आर्थिक वर्षात पाठवू नका एवढेच.

प्रवेश पक्का करण्यासाठी विद्यापीठाने आधी अनामत मागितली आणि ती तुम्ही खिशातून भरली असेल, तर पावती जपा. अनेक बँका ती तुमच्या वाट्यात धरतात. पुढच्या प्रत्येक सत्राआधी बँक मागच्या सत्राचा निकाल मागते. तो आणि नवे फीपत्रक शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी शाखेत पोहोचवा, आणि त्याच वेळी उरलेल्या डॉलरना आजच्या दराने उरलेली मर्यादा पुरते का ते मोजा. पुरत नसेल तर वाढीव कर्जाचा अर्ज तिसऱ्या सत्राआधी करायचा, चौथ्याच्या नाही.

व्याज भरायला लागल्यावर आणि कर्ज संपल्यावर

आयकरात शैक्षणिक कर्जावर भरलेले व्याज, ते भरायला सुरुवात झाल्यापासून आठ वर्षे, कितीही असले तरी उत्पन्नातून वजा होते. पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि कर्ज बँकेचे किंवा त्यासाठी अधिसूचित वित्तसंस्थेचे असेल तरच. ज्याच्या नावावर वजावट घ्यायची त्याच्या खात्यातून व्याज जायला हवे. मुलगी अमेरिकेत असेल आणि भारतात तिचे उत्पन्नच नसेल, तर तिला ही वजावट कामाची नाही. वडील सहकर्जदार असून जुन्या करप्रणालीत असतील, तर सवलतीच्या काळातले व्याज त्यांच्या खात्यातून जाऊ द्या.

शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेने मूळ कागद 30 दिवसांत परत करून बोजा काढून टाकायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. कागद घेताना गहाणाच्या वेळी मिळालेल्या यादीशी एक-एक पान ताडून घ्या, सरसाईतली नोंद बंद झाल्याची प्रत मागा, आणि सोसायटीच्या नोंदवहीत चढवलेला बँकेचा बोजा पत्र देऊन उतरवून घ्या.